वाढवलेलं खातं

आमच्या दुकानात 'बंद' हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. 'संपलं' नाही, 'फुटली' नाही, 'गेलं' तर नाहीच नाही. रत्नागिरीच्या बाजारात आमचं बांगड्यांचं दुकान. आठ फूट रुंद, चौदा फूट खोल, तीन भिंतींना काचेच्या बांगड्यांचे खण. काचेच्या मालात बसलेल्या माणसाने तोंडातून फुटतुटीचा शब्द काढायचा नाही, असा आमच्या आईचा कायदा होता. गिऱ्हाइकाच्या मनगटावर बांगडी तडकली तर ती 'वाढली'. संध्याकाळी देवापुढचा दिवा विझवायचा तर तो 'वाढवायचा'. फळ्या लावून घरी निघालो की दुकान 'वाढवलं'. हे शब्द मराठीत सगळीकडेच आहेत, पण इतर घरांत ते सणावारी येतात. आमच्याकडे दिवसातून पन्नास वेळा. हिरव्या बांगड्यांचा माल संपला तरी आई म्हणायची, "यायच्यात."

मी लहानपणापासून फटकळ. शाळेतून येऊन गल्ल्यावर बसले की चार शब्द वाकडे जायचेच. एकदा भर श्रावणात एका नव्या नवरीच्या आईला मी म्हटलं, "ही फुटली, दुसरी बघा." आईने त्या बाईंसमोर मला काही म्हटलं नाही. बाई गेल्यावर मात्र कान धरून देवाच्या फोटोपुढे उभं केलं आणि म्हणाली, "जीभ आहे की अडकित्ता?" पुढे मी चाळिशीला आले, लग्न केलं नाही, दुकान मीच बघायला लागले, तरी तो कायदा मोडायची माझी छाती झाली नाही.

वडील फार पूर्वीच गेले होते. आई स्वतःच्या हातात काच घालायची नाही, पण दुसऱ्याच्या हातात बांगड्या भरताना तिच्याइतका हलका हात बाजारात नव्हता. कसलाही आडमुठा पंजा असो, ती अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटांनी दाबायची, "कुठल्या गो तुम्ही?" असं विचारायची, आणि बाई उत्तर देईपर्यंत डझनभर बांगड्या चढलेल्या असायच्या. मिऱ्या, राजिवडा, काळबादेवी, पार नाट्याहून बायका यायच्या.

अठ्ठ्याण्णव साली आम्ही बँकेतून कर्ज काढलं. काचेचे खण, नवीन माल, एक पंखा. कर्जदार आई आणि सहकर्जदार मी. माल तारण म्हणून बँकेने दुकानाच्या आतल्या भिंतीवर पत्र्याची एक निळी पाटी ठोकायला लावली. 'या दुकानातील माल बँकेकडे तारण आहे.' आई त्या पाटीकडे पाठ करून बसायची. सात वर्षांत एकही हप्ता चुकला नाही. शेवटचे तीन हप्ते तिने एकदम भरायचं ठरवलं, आणि त्या दिवशी ठेवणीतलं इरकल नेसून ती माझ्याबरोबर बँकेत आली.

त्या सकाळचं मला सगळं आठवतं, आणि नेमकं जे आठवायला हवं होतं तेच तीन वर्षं आठवलं नाही.

पैसे खिडकीवर भरले. शिक्का मारलेली चलनाची पावती मिळाली. पासबुकात शेवटच्या ओळीत 'निरंक' असं लिहून आलं. खिडकीतल्या माणसाने सांगितलं, "खात्याबद्दल एक अर्ज आत साहेबांच्या टेबलावर द्या. येणं नसल्याचा दाखला आठ दिवसांनी न्या." आम्ही अर्ज दिला. साहेब दक्षिणेकडचे होते, बदलीवर आलेले, आणि मराठी शिकल्याचा त्यांना फार अभिमान होता. मराठी अर्ज ते स्वतःच वाचायचे, कारकुनाला हात लावू द्यायचे नाहीत. त्यांनी आईला नमस्कार केला, "बसा आजी" म्हणाले, अर्ज वाचला, मान डोलावली. बाहेर आल्यावर आईने देवळात नारळ दिला. म्हणाली, "आता कुणाचं देणं नाही. आता मोकळी झाले."

आठ दिवसांनी तिला ताप आला. मग दुसरंच काहीतरी निघालं, कोल्हापूरच्या फेऱ्या सुरू झाल्या, आणि दाखल्याचं राहिलं ते राहिलंच. आठ महिन्यांनी आई गेली.

बाराव्यानंतर मी दुकान उघडलं त्या दिवशी मिऱ्यावरची एक म्हातारी कोळीण आली. दर दोन महिन्यांनी यायची, आईच्या वयाची. पायरीवर टेकत तिने आईचं विचारलं, "काय गो बाय, आवस नाय आली आज?"

मी तोंड उघडलं. समोर तीन भिंती काच, मागे देवाचा फोटो. 'गेली' हा शब्द तिथे काढायचा नाही. "नाही आली," म्हटलं. एवढंच. खोटं तर नव्हतं. म्हातारी म्हणाली, "बरा हाय ना जीव?" मी मान हलवली आणि तिच्या हातात बांगड्या भरल्या.

एकदा असं बोललं की पुढे तेच चालू राहतं. शेजारी, नातेवाईक, बाजारातले दुकानदार यांना सगळं ठाऊक होतं. पण लांबून येणाऱ्या बायका विचारायच्या आणि मी म्हणायचे, आज नाही आली, घरी आहे, दमली होती. आधी जीभ रेटत नव्हती, मग सवय झाली, आणि मग खरं सांगायची वेळ निघून गेली. दोन वर्षांनंतर कुठल्या तोंडाने सांगणार? बायका आईसाठी निरोप ठेवायच्या. कुणी सुके बांगडे, सुकट ठेवायची, कुणी रातांबे. मी ते घरी न्यायचे आणि खायचे.

मग काही चमत्कारिक गोष्टी कानावर यायला लागल्या. एका बाईने सांगितलं, "तुमच्या आई काल मांडवीला दिसल्या. हाक मारली, पण ऐकू गेलं नाही त्यांना." मी हसून विषय बदलला. दुसरी म्हणाली, "परवा बाजारात त्याच होत्या ना? अंग उतरलंय फार." मिऱ्यावरच्या म्हातारीने तर कमालच केली. "गाडीतळावर बसली होती. तिनं बघितलंन माज्याकडं, हसली पण." म्हातारीची दृष्टी अधू, गाडीतळावर नऊवारीतल्या शंभर म्हाताऱ्या, हे मला कळत होतं. पण त्या दिवशी दुकान वाढवताना मी आतल्या अंधाऱ्या बाजूला बघितलं नाही.

सकाळी फळ्या काढायच्या आधी आतून बांगड्यांची बारीक किणकिण ऐकू यायची. कोपऱ्यावरून ट्रक गेला की खण हादरतात, ते माहीत होतं. पण ट्रक नसतानाही कधी कधी यायची.

दोन हजार आठच्या पावसाळ्यात गाळ्याचे मालक डोंबिवलीहून आले. गाळा विकायचा होता. आधी मला विचारलं, हा त्यांचा मोठेपणा. म्हणाले, "दिवाळीच्या पाडव्यापर्यंत थांबतो. तुम्ही घेतलात तर तुम्हाला, नाहीतर मोबाइलवाला तयार आहे." आईने जिथे चाळीस वर्षं बायकांच्या हातात काच भरली तिथे मोबाइलचं दुकान. मी लगेच हो म्हटलं आणि दुसऱ्या एका बँकेत कर्जाचा अर्ज टाकला.

तिथल्या अधिकाऱ्याने कागद चाळले, सगळं चांगलं म्हणाला आणि आठवड्याने बोलावून घेतलं. "तुमच्या नावावर एक कर्ज आधीच चालू दिसतंय."

"एक होतं. फिटलं."

"इथे चालू आहे." त्याने कागद माझ्याकडे वळवला नाही, फक्त बोट ठेवलं. "आमचं मुंबई ऑफिस हा अहवाल बघूनच ठरवतं. यात खातं बंद झालं पाहिजे, बंद झाल्याची तारीख आली पाहिजे. जुन्या बँकेचा दाखला आणा, तो लागेलच. पण अहवाल दुरुस्त झाल्याशिवाय फाइल पुढे जाणार नाही."

कर्जाची माहिती गोळा करणारी एक संस्था मुंबईत आहे आणि तिच्याकडे माझ्या नावाचा कागद आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आपल्याला तो मागवता येतो, हेही. फॉर्म, ओळखपत्राची प्रत, पत्त्याचा पुरावा आणि फीचा डिमांड ड्राफ्ट असं पाकीट टपालाने पाठवलं. दहा-बारा दिवसांनी कुरिअर आलं.

अहवाल मी दुकानात, दुपारी गिऱ्हाईक नसताना उघडला. माझं नाव, जन्मतारीख, जुना पत्ता. खाली आमचं कर्ज. प्रकार, संयुक्त खातं, उघडल्याची तारीख. शिल्लक शून्य. शेवटच्या भरण्याची तारीख बरोबर, तोच इरकलाचा दिवस. बंद झाल्याची तारीख, या रकान्यात काहीच नाही. आणि त्याच्याखाली महिन्यांची रांग. दर महिन्यापुढे तीन शून्यं. हप्ता किती दिवस थकला ते तिथे लिहितात, आणि आमचा एकही दिवस थकला नव्हता. आई कोल्हापूरला दवाखान्यात होती त्या महिन्यापुढे तीन शून्यं. ती गेली त्या महिन्यापुढे तीन शून्यं. त्यानंतरच्या प्रत्येक महिन्यापुढे, अगदी परवाच्या महिन्यापर्यंत, दोऱ्यात ओवलेल्या बांगड्यांसारखी ती शून्यं चालली होती. कुणीतरी दर महिन्याला मुंबईला कळवत होतं की खातं चालू आहे, सगळं व्यवस्थित आहे.

मी कागद घडी करून गल्ल्यात ठेवला. भिंतीवरची निळी पाटी माझ्यासमोरच होती. कर्ज फिटल्यावर ती काढायची राहिली होती, आणि आईच्या मागे तिला हात लावावासा वाटला नव्हता.

मग तक्रारीचा फॉर्म भरला. सोबत पावतीची आणि पासबुकाची झेरॉक्स. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. आम्ही स्वतः कुठलीही नोंद बदलू शकत नाही, जी माहिती बँक पाठवते तीच आम्ही दाखवतो. तुमची तक्रार बँकेकडे पाठवली होती. बँकेने माहिती बरोबर असल्याचं कळवलं आहे.

म्हणजे खातं चालू आहे ते बरोबर आहे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पासबुकात निरंक आणि यांच्याकडे बरोबर! मी आमच्या जुन्या बँकेच्या शाखेला असं पत्र लिहिलं की आईने वाचलं असतं तर मला पुन्हा देवापुढे उभं केलं असतं. पोच घेतली. पितृपंधरवडा आला. बांगड्यांचा धंदा त्या पंधरा दिवसांत थंड असतो. मी नुसती बसून पाडव्यापर्यंतचे दिवस मोजत होते.

आणि सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी पोस्टमन रजिस्टर पत्र घेऊन आला. आमचा नेहमीचाच. पायरीवर उभा राहिला आणि पाकीट पुढे करेना.

"ताई, हे आईंच्या नावावर आहे. सही कोणाची घेऊ?"

"माझी घे."

"तसं चालत नाही खरं तर." त्याने मान खाली घातली. तोही आईला खांदा द्यायला आला होता. "घेतो. पण तुम्ही बँकेला कळवा की ताई."

पाकिटावर आईचं पूर्ण नाव होतं, आधी 'श्रीमती' लावून. खात्यात पहिलं नाव तिचं, म्हणून उत्तर तिला. आत टाइप केलेल्या चार ओळी. 'आपल्या खात्यासंबंधी कळविण्यात येते की, आपण केलेल्या लेखी विनंतीनुसारच आपले खाते पुढे चालू ठेवण्यात आले आहे.'

मी ते दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचायचं धाडस झालं नाही. आईने लेखी विनंती केली होती? मला चालू ठेवा म्हणून? पत्र लिहायला तिला येत नव्हतं. सही तेवढी करायची, चार अक्षरांची, शिरोरेघ शेवटी एकदम ओढून. तेवढ्यात वरच्या खणात किणकिण झाली. ट्रक गेला होता का नव्हता, मला आजही सांगता येणार नाही. मी फळ्या लावल्या आणि भर दुपारी घरी गेले.

दुसऱ्या दिवशी घरात आईचं पान वाढलं आणि त्यानंतर पहिल्या कामाच्या दिवशी बँक उघडायच्या वेळेला दारात जाऊन उभी राहिले. सोबत पावती, पासबुक, अहवाल, आणि आईचा मृत्यूचा दाखला. तो दाखला काढून ठेवला होता, पण कुणाला दाखवायची वेळ कधी आणली नव्हती.

कर्जाच्या टेबलावर आता एक तरुण अधिकारी बाई होत्या, सोलापूरकडच्या. त्यांनी संगणकात खातं काढलं. "शिल्लक शून्य आहे. पण मुदत अजून संपलेली नाही. मुदतवाढ दिलीये, तुम्ही मागितलीत म्हणून."

"आम्ही कशाला मागू? ज्या दिवशी सगळं भरलं त्याच दिवशी?"

त्याही विचारात पडल्या. "तेच कळत नाही. भरणा खिडकीवर झाला, खतावणीत चढला. अर्ज आत गेला, तो वेगळ्या फाइलला. दोन कागदांची गाठ पडलीच नाही. संगणक आले तेव्हा जुन्या फाइलींवरून खाती भरली, त्यात हे मुदतवाढीसकट चालू म्हणून आलं. तेव्हापासून दर महिन्याला वरून माहिती जाते, त्यात चालू म्हणूनच जाणार. मूळ अर्ज बघायला हवा."

शिपायाला माळ्यावर पाठवलं. तो जुना माणूस, पावशीच्या बाजूचा. अर्ध्या तासाने धुळीने माखून खाली आला, हातात सुतळीने बांधलेली फाइल. "माज्याच हातानं बांधलेली हाय, म्हणून गावली," म्हणाला. बाईंनी सुतळी सोडली. वरच्याच पानावर तो अर्ज होता.

त्यांनी तो माझ्यापुढे सरकवला. खाली आईची सही, चार अक्षरं, शेवटी ओढलेली शिरोरेघ. तिच्या खाली माझी. आणि वर, सुवाच्य अक्षरात, 'माझे सर्व कर्ज आज फिटले असून सदर कर्ज खाते आजपासून' — इथे दोन शब्द खोडलेले — 'वाढवावे ही नम्र विनंती.' बाजूला लाल पेन्सिलने इंग्रजीत 'एक्स्टेन्शन' आणि साहेबांची सही.

अक्षर माझं होतं.

तेव्हा सगळं आठवलं. बँकेच्या बाकावर मी गुडघ्यावर वही धरून लिहीत होते. मी 'बंद करावे' असं लिहिलं. आईने विचारलं, काय लिहिलंस? मी वाचून दाखवलं. तिने माझा हात धरला. "बंद नको लिहू गो. इतकी वर्षं चालवलं, लक्ष्मीचं खातं आहे ते. वाढवा म्हणून लिही." मी म्हटलं, "अगं बँक आहे ही, बांगडी नव्हे." तर म्हणाली, "बँकेतली माणसं काय मराठी बोलत नाहीत?" मी वैतागून 'बंद करावे' वर काट मारली आणि वर तिचा शब्द लिहिला, एकदाची कटकट मिटू दे म्हणून. आणि साहेबांनी तो अर्ज स्वतः वाचला. शब्दकोश काढून बघितला असेल. वाढवणे म्हणजे मोठं करणे, लांबवणे. फिटलेलं कर्ज कुणी कशाला लांबवेल, असा प्रश्न त्यांना पडला नसेल, किंवा पडला असेल आणि आजींच्या इरकलाकडे बघून विचारायचं राहिलं असेल.

अधिकारी बाई अर्ज वाचत होत्या. एकदम त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, हे तर बंद करा म्हणतायत! आमची आजी दिव्याला असंच म्हणते." आणि हसल्या. मग माझ्याकडे बघून हसायच्या थांबल्या. मला रडू येत होतं आणि रागही, आणि राग कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. आपलेच दात, आपलेच ओठ.

त्यांनी पुढचं नीट समजावलं. खातं शाखेतून बंद करता येईल, पण बंद झाल्याची तारीख आजची टाकायची नाही, पूर्ण भरणा झाला त्या दिवसाची टाकायची, आणि त्यासाठी विभागीय कार्यालयाची मंजुरी लागेल. ती आली की येणं नसल्याचा दाखला. मग दुरुस्ती लगेच मुंबईला जाईल. तक्रार पुन्हा नोंदवा, या वेळी बँक चूक कबूल करेल. महिनाभरात दुरुस्त करण्याचं बंधन आहे. "फक्त नवीन अर्ज लागेल. नियमाने दोन्ही कर्जदारांच्या सह्या पाहिजेत." त्या घुटमळल्या. "पत्र तुमच्या आईंच्या नावे गेलं ना? आमच्याकडे नोंदच नाही. तुम्ही कुणी कळवलं नव्हतं."

"नाही कळवलं," मी म्हटलं. कुणालाच कळवलं नव्हतं.

त्यांनी कोरा कागद दिला. मी त्याच बाकावर जाऊन बसले. दुकानात बसून हे लिहिता आलंच नसतं. 'माझ्या आईचे निधन झाले आहे,' इथपर्यंत आले आणि पेन थांबलं. पाच मिनिटं झाली असतील. शिपाई येऊन उभा राहिला, म्हणाला, "बाय, पाणी देऊ काय?" मी नको म्हटलं आणि पुढे लिहिलं, 'सदर कर्ज खाते बंद करावे.' खाडाखोड न करता.

मंजुरी पाच दिवसांनी आली. दाखला मिळाला, त्यावर भरण्याची खरी तारीख. दुरुस्ती मुंबईला गेली. मी दुसऱ्यांदा ड्राफ्ट काढून अहवाल मागवला. पाडव्याला आठ दिवस उरले असताना तो आला. शून्यांची रांग आता इरकलाच्या महिन्यापाशी थांबली होती. त्यापुढे कुठलाही महिना नव्हता. बंद, आणि तारीख. ज्या दिवशी आई मोकळी झाले म्हणाली होती, तीच. नव्या बँकेने आपली चौकशी पुन्हा केली, तिथेही तेच दिसलं. पाडव्याच्या आदल्या दिवशी मालकांच्या हातात कागद पडला. गाळा आमचा झाला. माझा झाला, असं म्हणायला हवं.

निळी पाटी मी स्वतः काढली. खिळे गंजून भिंतीत रुतले होते, पक्कडीने ओढावे लागले. मागे भिंतीचा जुना रंग चौकोनी राहिला होता. मी तो तसाच ठेवलाय.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी मिऱ्यावरची म्हातारी आली. पायरीवर टेकली, पदराने तोंड पुसलं आणि नेहमीसारखं विचारलं, "आवस नाय आली आज?"

तीन भिंती काच, मागे देवाचा फोटो. मी म्हटलं, "आई गेली. अडीच वर्षं झाली."

काही पडलं नाही. काही वाढलं नाही.

म्हातारीने पदर सावरला. मग हळूच म्हणाली, "ठाव हाय गो. बाराव्याच्या आधीच कळलेलं. तू बोलत नव्हतीस, म्हणून मी इचारीत होतंय. म्हटलं, कधीतरी बोलेल."

माझ्या डोळ्यांना धार लागली. ती पुसत मी विचारलं, "मग गाडीतळावर दिसली म्हणालात ते? ते खोटं ना?"

तिने हात पुढे केला, मनगट वर करून, बांगड्या भरून घ्यायला.

"ते खरं," म्हणाली. "बघितलं ते बघितलं."

मी तिच्या अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटांनी दाबलं आणि भरायला घेतल्या.